तमिळमध्ये सुताची चौकशी: पहिला महिना कसा लावायचा

प्रश्न: मी सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात खरेदी बघतो. सूत ईरोड आणि कोइमतूरकडून येतं. तिकडच्या डिस्पॅचच्या माणसांना हिंदी येत नाही, आणि इंग्रजी दोन्ही बाजूंनी मोडकं. घरी मराठी, कारखान्यात तेलुगू-कन्नड सतत कानावर असतं. तमिळचं एक पुस्तक आणलं, पण त्यातली वाक्यं फोनवर कुणी बोलतच नाही. क्रियापदं एवढी लांब की शेवटपर्यंत जाईस्तोवर सुरुवात विसरते. आपल्याकडे ळ आणि ण आहेत, मग उच्चार तरी जमतील ना? रोज सकाळी अर्धा तास काढू शकतो. पहिल्या महिन्यात नेमकं काय करू? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: पुस्तक चुकीचं नाही, ते लिहिण्याची तमिळ शिकवतं. तमिळमध्ये लिहिण्याची आणि बोलण्याची भाषा यांत मराठीपेक्षा खूपच जास्त अंतर आहे. 'मी पाठवतो' हे पुस्तकात 'अनुप्पुगिरेन' असं असेल, फोनवर ते 'अनुप्पुरेन' होतं. बातम्या, भाषणं, पाट्या पहिल्या प्रकारात असतात. दुकान, घर, फोन हे सगळं दुसऱ्या प्रकारात. एकाच महिन्यात दोन्ही धरायला गेलात तर प्रत्येक शब्दाची दोन रूपं डोक्यात भांडत बसतील. तुमचं काम फोनवरचं आहे, तेव्हा महिनाभर फक्त बोलण्याची तमिळ धरा. पुस्तकातली लिपीची पानं तेवढी उपयोगी आहेत, बाकीचं मिटून ठेवा.

आता एक वाक्य समोर ठेवू. तुम्हाला हे दर आठवड्याला लागणार आहे:

*नाळैक्कु अनुप्पुरेन्नु सॊन्नींगऽ, इन्नुम वरलै.*
उद्या पाठवतो म्हणून सांगितलंत, अजून आलं नाही.

शब्दांचा क्रम मराठीशी ताडून पाहा. नाळैक्कु म्हणजे उद्या, अनुप्पुरेन म्हणजे पाठवतो, त्याला चिकटलेला 'न्नु' म्हणजे आपलं 'म्हणून', सॊन्नींगऽ म्हणजे सांगितलंत, इन्नुम म्हणजे अजून, वरलै म्हणजे आलं नाही. एकही शब्द इकडचा तिकडे करावा लागला नाही. तमिळमध्ये मराठी माणसाचा हा खरा फायदा आहे, आणि तो ळ-ण असण्याहून मोठा आहे.

वाचताना दोन गोष्टी सांभाळा. तमिळमध्ये ए आणि ओ हे ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन आहेत, म्हणून ऱ्हस्वासाठी इथे 'ऎ, ऒ' आणि 'कॆ, कॊ' अशी चिन्हं वापरली आहेत. आपल्या कानाला हा फरक किरकोळ वाटतो, त्यांना वाटत नाही: 'कॊडु' म्हणजे दे, 'कोडु' म्हणजे रेघ. तुमच्या तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या सहकाऱ्यांकडे हा फरक उपजत आहे, त्यांच्याकडून एकदा नीट ऐकून घ्या. दुसरं, शब्दाच्या शेवटी 'ऽ' दिसलं की आधीच्या अक्षरातला अ पूर्ण म्हणायचा. आपण तो मराठीच्या सवयीने गिळतो.

ळ आहे, पण तेवढ्याने भागत नाही

ट, ड, ण, ळ हे आपले मूर्धन्य उच्चार तमिळमध्ये जवळपास तसेच चालतात. हिंदी भाषकाला ज्या ळसाठी आठवडे घालवावे लागतात तो तुम्हाला फुकट मिळाला आहे. मात्र तो नेमक्या जागी वापरायला हवा, कारण ल आणि ळ बदलला की तमिळमध्ये शब्दच बदलतो. 'पुलि' म्हणजे वाघ, 'पुळि' म्हणजे चिंच. तुमच्या कामातलं उदाहरण द्यायचं तर 'नालु नाळ आगुम', म्हणजे चार दिवस लागतील. चारचा ल दाती आणि दिवसाचा ळ मूर्धन्य, दोन्ही लागोपाठ. हे तीन शब्द न अडखळता म्हणता आले की जीभ वळली असं समजा.

मराठी माणसाला हमखास फसवणारी जोडी आहे 'वेलै' आणि 'वेळै'. वेळै आपल्या वेळेच्या अर्थाजवळ जातं, पण वेलै म्हणजे काम. समोरचा 'वेलै इरुक्कु' म्हणाला आणि तुम्ही 'वेळ आहे' असं समजून गप्पा लांबवल्या, तर तो बिचारा 'काम आहे' असं सांगत होता. भाव विचारताना लागणारा शब्द 'विलै', त्यातही ल आहे. 'किलो ऎन्न विलै?' म्हणजे किलोचा भाव काय.

मराठीची खरी कमजोरी आहे जोड उच्चारांत. कन्नड माणूस ज्या गावाला 'हुब्बळ्ळी' म्हणतो त्याला आपण 'हुबळी' म्हणतो. ब सुटला, ळही सुटला. मराठी ळ जीभ टाळूला आपटून लगेच सुटतो. तमिळच्या 'वॆळ्ळि' (शुक्रवार) मध्ये जिभेचं टोक मागे टाळूला टेकून क्षणभर तिथेच राहतं आणि मग सुटतं. ट-डच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण तमिळमध्ये दोन स्वरांमधला एकेरी ट हा ड होतो आणि दुहेरी ट हा ट्ट राहतो. 'ऎडु' म्हणजे घे, 'ऎट्टु' म्हणजे आठ. बॅगांचा आकडा सांगताना तुम्ही 'ऎट्टु' घाईत उडवलंत तर समोरच्याला आठ ऐकूच येणार नाही. सरावासाठी 'ऎट्' म्हणून थांबा, हवा पूर्ण अडलेली राहू द्या, मनात एक मोजा आणि मग 'टु' सोडा. आठवडाभर हे असं अतिशयोक्त करून म्हणा. बोलण्याचा वेग वाढला की ते आपोआप योग्य मापाला येतं. उलट मापात सुरुवात केली तर वेगात ते नाहीसं होतं.

ण-नचं थोडक्यात. 'पणम' म्हणजे पैसा, 'मणम' म्हणजे सुवास, 'मनम' म्हणजे मन. बोलताना 'पाणी'चं 'पानी' करायची सवय असेल तर तमिळ बोलताना ती आवरावी लागेल. 'पणम'मधला ण सुटला तर ऐकणारा अडखळतो.

आता जो उच्चार आपल्याकडे नाही त्याकडे वळू. तो आहे 'तमिऴ' या नावातलाच शेवटचा. देवनागरीत तो ळखाली टिंब देऊन 'ऴ' असा लिहितात, आणि मोबाइलवर रोमन अक्षरांत तमिळ माणूस तो `zh` असा टाइप करतो. `vazhi` दिसलं की 'वझी' वाचू नका, ते 'वऴि' आहे, म्हणजे रस्ता. 'वलि' म्हणजे दुखणं, हे तिसरंच.

ऴ असा बसवा. आधी 'अळ्ळ' म्हणताना जीभ टाळूला टेकलेलीच ठेवून ळ लांबवा. तो दोन-तीन सेकंद टिकवता आला पाहिजे. आता आवाज चालू ठेवूनच जिभेचं टोक केसभर खाली आणा, म्हणजे ते मागे वळलेलंच राहील पण टाळूला शिवणार नाही. ओठ गोल करायचे नाहीत. जो घुमटासारखा आवाज येतो तो ऴ. चुकतंय कुठे हे कानावरून कळतं. शेवटी टिचकीसारखा आवाज आला तर जीभ टेकली आणि ळ झाला. 'य'सारखं ऐकू आलं तर जीभ सपाट पडली. 'र' थरथरला तर टोक दातांच्या बाजूला सरकलं. 'एऴु' (सात) आणि 'पऴम' (फळ) या दोन शब्दांवर सराव करा, कारण दोन्हींत ऴ दोन स्वरांच्या मध्ये येतो आणि तिथे तो सगळ्यात सोपा असतो.

महिनाभरात नाही जमला तरी काम अडणार नाही. तमिळनाडूत, विशेषतः दक्षिणेकडे, बरेच लोक स्वतःच ऴच्या जागी ळ म्हणतात. तुम्ही 'एळु' म्हणालात तर सात समजलं जाईल. मात्र ऴच्या जागी ल, य किंवा झ म्हणू नका. ळ ही सुरक्षित माघार आहे.

सोलापुरात असल्यामुळे तुमच्याकडे एक किल्लीही आहे. हा जुना ऴ कन्नडमध्ये बहुतेक ठिकाणी ळ झाला आणि तेलुगूत बऱ्याच ठिकाणी ड झाला. सातला तमिळ 'एऴु', कन्नड 'एळु', तेलुगू 'एडु'. कोंबडीला 'कोऴि', 'कोळि', 'कोडि'. तसंच कन्नडचा सुरुवातीचा ह तमिळमध्ये प असतो: कन्नड 'हत्तु' म्हणजे दहा, तमिळ 'पत्तु'; 'हालु' म्हणजे दूध, तमिळ 'पाल'. शब्द ओळखायला याचा उपयोग करा. बोलताना मात्र कन्नड आकडे मिसळू देऊ नका, ते रूळ एकदा चुकले की सुधारायला फार वेळ लागतो.

लांब क्रियापद उघडायचं कसं

तमिळ क्रियापद शेवटाकडून वाचायचं. शेवटी कोण, त्याआधी कधी, आणि सुरुवातीला काय. 'अनुप्पु' म्हणजे पाठव. अनुप्पु-र-एन: पाठव, वर्तमान, मी. अनुप्पु-व-एन: पाठव, भविष्य, मी. अनुप्पि-न-एन: पाठव, भूत, मी. शेवटचा 'एन' काढून 'ओम' लावला की आम्ही, 'ईंगऽ' लावला की तुम्ही, 'आरु' लावला की ते (आदरार्थी एक माणूस), 'आंगऽ' लावला की ते सगळे. अनुप्पुरोम, अनुप्पुरींगऽ, अनुप्पुरारु, अनुप्पुरांगऽ. पहिल्या महिन्यात 'तू', 'तो' आणि 'ती' यांची रूपं शिकायचीच नाहीत. धंद्यातल्या फोनवर ती लागत नाहीत, आणि चुकून 'तू' निघालं तर समोरचा दुखावतो. ईरोड-कोइमतूरच्या कोंगू भागात तर आदराचा 'ंगऽ' साध्या शब्दांनाही लावतात: 'सरिंगऽ' म्हणजे बरं, 'इल्लींगऽ' म्हणजे नाही हो. तुम्हीही तो सढळ हाताने लावा.

इथे मराठी माणूस एका ठिकाणी अडकतो. आपण 'मी माल पाठवला', 'मी चादर पाठवली', 'मी सूत पाठवलं' म्हणतो, म्हणजे भूतकाळात क्रियापद वस्तूच्या मागे जातं. तमिळमध्ये तसं कधीच होत नाही. मी पाठवलं की 'अनुप्पिनेन', वस्तू काहीही असो. वस्तूंना स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतंच, निर्जीव सगळं एकाच खान्यात. म्हणून वाक्य मनात मराठीत जुळवताना 'कोण' हे आधी ठरवा.

'आम्ही' आणि 'आपण' हा फरक तमिळमध्येही आहे, आणि तो हिंदी-इंग्रजीतून शिकणाऱ्यांना समजावून घ्यावा लागतो. 'नांगऽ' म्हणजे आम्ही, 'नामऽ' म्हणजे आपण. 'नांगऽ पणम अनुप्पिट्टोम', आम्ही पैसे पाठवले. इथे 'नामऽ' म्हटलंत तर पैसे पाठवण्यात समोरच्यालाही धरलंत.

तुमचा माल निर्जीव, म्हणून त्याच्याबद्दलची रूपं वेगळी आणि थोडी आहेत. 'वा' म्हणजे ये, त्याची ही पाच रूपं पाठच करा: वरुदु (येतंय), वंदुच्चु (आलं), वरुम (येईल), वरलै (आलं नाही), वरादु (येणार नाही). शेवटची दोन नीट वेगळी ठेवा. मराठीत 'गाडी येत नाही' या एका वाक्यात 'अजून पोचलेली नाही' आणि 'येणारच नाही' हे दोन्ही अर्थ बसू शकतात. तमिळमध्ये नाही बसत. 'लोडु वरलै' म्हटलं तर समोरचा गाडीचा शोध घेईल, 'लोडु वरादु' म्हटलं तर ऑर्डरच रद्द झाली असं त्याला वाटेल. वरलैमध्ये एक सोयही आहे: 'अनुप्पलै' हे रूप मी, तुम्ही, ते सगळ्यांना तेच राहतं. नकार शिकणं होकारापेक्षा सोपं आहे.

या वरलै, अनुप्पलैच्या पोटात जे 'वरऽ', 'अनुप्प' आहे ते म्हणजे आपलं 'यायला', 'पाठवायला'. या एका रूपाला पुढे काहीतरी लावून निम्मी भाषा तयार होते. अनुप्पणुम म्हणजे पाठवायला पाहिजे. अनुप्प मुडियुम म्हणजे पाठवता येईल, अनुप्प मुडियादु म्हणजे पाठवता येणार नाही. अनुप्पलाम म्हणजे पाठवायला हरकत नाही. यांपैकी एकातही माणूस बदलला म्हणून शेपूट बदलत नाही. 'मला पाहिजे', 'मला माहीत आहे' हे मराठी साचेही तसेच उतरतात: ऎनक्कु वेणुम, ऎनक्कु तॆरियुम. इथे 'नान' (मी) म्हणून सुरुवात करू नका.

आता फोनवर सगळ्यात जास्त घोळ घालणारी जोडी. 'अनुप्पिट्टोम' म्हणजे पाठवून टाकलं, काम संपलं. 'अनुप्पिट्टिरुक्कोम' म्हणजे पाठवतोय, अजून चालू आहे. तसंच 'एत्तिट्टोम' म्हणजे गाडीत भरलं, 'एत्तिट्टिरुक्कोम' म्हणजे भरतोय. दोन्हींत 'इट्ट' ऐकू येतं आणि नवा माणूस तेवढ्यावर 'झालं' असं समजून मोकळा होतो. कान 'ट्ट'वर न ठेवता त्यापुढे ठेवा. लगेच ओम आला तर काम झालं, मध्ये 'इरुक्क' ऐकू आलं तर चालू आहे. खात्री नसेल तर गाडीचा नंबर मागा: 'वण्डि नंबर सॊल्लुंगऽ'. माल निघाला असेल तर नंबर लगेच मिळतो.

आणि प्रश्नाचं एक गुपित. वाक्याच्या शेवटी 'आ' लावला की प्रश्न होतो: वरुमा? (येईल का?) पण 'अनुप्पिट्टींगऽ'चा प्रश्न 'अनुप्पिट्टींगळा?' असा होतो, मध्येच ळ येतो. तो नवीन नाही, लिहिण्याच्या भाषेत तो शेवटी असतोच. बोलताना गळतो आणि मागे स्वर आला की परत दिसतो.

महिन्याची आखणी

पहिला आठवडा फक्त कान आणि जीभ. हे वीस शब्द एका कागदावर काढा: नालु, नाळ, वेलै, वेळै, विलै, पुलि, पुळि, वलि, वऴि, एऴु, पऴम, वॆळ्ळि, पणम, मनम, मणम, ऎडु, ऎट्टु, कॊडु, कोडु, पॆट्टि (पेटी). तमिळ मातृभाषा असलेल्या कुणाकडून तरी हे व्हॉट्सअॅपवर रेकॉर्ड करून मागवा. डिस्पॅचचा माणूस दोन मिनिटांत करून देईल. अर्ध्या तासातली पहिली दहा मिनिटं नुसतं ऐका, तोंड बंद. पुढची पंधरा मिनिटं एकेक शब्द त्याच्यामागून म्हणा आणि स्वतःचं रेकॉर्ड त्याच्या रेकॉर्डशी ताडून पाहा. शेवटची पाच मिनिटं एक ते दहा आकडे: ऒण्णु, रॆण्डु, मूणु, नालु, अंजु, आरु, एऴु, ऎट्टु, ऒम्बदु, पत्तु. आठवड्याच्या शेवटी तुमचे वीस शब्द उलटसुलट क्रमाने रेकॉर्ड करून त्याला पाठवा आणि त्याला जे ऐकू आलं ते लिहून मागवा. सोळापेक्षा कमी जुळले तर हाच आठवडा आणखी तीन दिवस चालवा. इथे घाई केली तर पुढची क्रियापदं बरोबर असूनही कळणार नाहीत, आणि तुम्ही व्याकरणात चूक शोधत बसाल.

दुसऱ्या आठवड्यात सहा क्रियापदं: अनुप्पु (पाठव), वा (ये), इरु (अस), सॊल्लु (सांग), कॊडु (दे), पारु (बघ). फक्त तीन रूपं करायची. आज्ञेचं: अनुप्पुंगऽ, वांगऽ, सॊल्लुंगऽ. वर्तमान मी आणि आम्ही: अनुप्पुरेन, अनुप्पुरोम. आणि नकार: अनुप्पलै. काही क्रियापदं वर्तमानात मध्ये 'क्क' घेतात, कॊडुक्कुरेन, पाक्कुरेन, तेव्हा प्रत्येक क्रियापद या रूपासकटच पाठ करा. आकड्यांत शंभर (नूरु) आणि दहाच्या पटी घ्या. साठ 'अरुवदु', सत्तर 'ऎऴुवदु', ऐंशी 'ऎम्बदु' हे तिन्ही भावात येतात आणि एकमेकांत मिसळतात. नव्वद 'तॊण्णूरु' हा साच्यात बसत नाही, सुटा पाठ करा.

याच आठवड्यापासून रोज दहा मिनिटं लिपी. ती दिसते तितकी मोठी नाही. आपल्या प्रत्येक वर्गातलं पहिलं आणि शेवटचं अक्षर घ्या: क ङ, च ञ, ट ण, त न, प म. त्यात य, र, ल, व, ऴ, ळ, ऱ आणि आणखी एक न मिळवले की अठरा व्यंजनं झाली. जोडाक्षरं नाहीत, डोक्यावरचं टिंब म्हणजे आपला पाय मोडलेला. ख-घ, ठ-ढ वेगळे नाहीत, आणि क कुठे ग होतो हे जागेवरून ठरतं: शब्दाच्या सुरुवातीला आणि जोडात क, अनुनासिकानंतर आणि दोन स्वरांमध्ये ग. रोज दोन अक्षरं धरली तर नऊ दिवसांत व्यंजनं संपतात. रोमन मेसेज वाचताना मात्र जपा. तिथला `th` हा थ नसून त किंवा द असतो, आणि `t` हा बहुधा ट. 'कार्थिक' असं आपण जे वाचतो ते त्यांचं 'कार्त्तिक' आहे.

तिसरा आठवडा भूतकाळाचा आणि तो सगळ्यात जड. वर्तमान आणि भविष्य बऱ्यापैकी नियमाने होतात, भूतकाळाचा प्रत्यय मात्र क्रियापदागणिक बदलतो: वंदेन, सॊन्नेन, पात्तेन, कॊडुत्तेन, अनुप्पिनेन, आणि केळु (विचार, ऐक) याचं केट्टेन. नियमांचे तक्ते बघू नका, क्रियापद आणि त्याचा भूतकाळ ही जोडी एकाच दमात म्हणा. दिवसाला दोनच. उरलेल्या वेळात अनुप्पणुम, अनुप्प मुडियुमा? असे साचे दुसऱ्या आठवड्यातल्या सहाही क्रियापदांवर फिरवा.

चौथ्या आठवड्यात 'इट्ट'ची जोडी, 'न्नु' आणि प्रत्यक्ष फोन. आधी हा संवाद मोठ्याने तीस-चाळीस वेळा म्हणा:

तुम्ही: वणक्कम सार, सोलापूरलेरुंदु पेसुरेन. नूल लोडु अनुप्पिट्टींगळा? (सोलापूरहून बोलतोय. सुताची गाडी पाठवलीत का?)
ते: इल्लींगऽ, इप्पो एत्तिट्टिरुक्कोम. (नाही हो, आता भरतोय.)
तुम्ही: नेत्तु अनुप्पुरेन्नु सॊन्नींगऽ. (काल पाठवतो म्हणाला होतात.)
ते: इन्निक्कु अनुप्पिडुवोम. (आज पाठवून टाकू.)
तुम्ही: सरिंगऽ. ऎप्पो वरुम? (बरं. कधी येईल?)
ते: नालु नाळ आगुम. (चार दिवस लागतील.)

खरा फोन याच क्रमाने जाणार नाही, आणि समोरचा तुमची तमिळ ऐकून खूश होऊन भराभर बोलू लागेल. त्यासाठी तीन वाक्यं जिभेवर तयार ठेवा: 'पुरियलै' (कळलं नाही), 'मॆदुवा पेसुंगऽ' (सावकाश बोला), 'तिरुंब सॊल्लुंगऽ' (परत सांगा). आकडा आणि दिवस मात्र प्रत्येक वेळी तुम्ही स्वतः परत म्हणून दाखवा, आणि फोन ठेवल्यावर तोच आकडा मेसेजमध्ये अंकात पाठवा. भावाच्या बाबतीत निदान सहा महिने हा नेम सोडू नका.

महिन्याअखेर गाडी निघाली का, कधी येईल, भाव काय, पैसे पोचले का एवढं दोन मिनिटांच्या फोनवर बोलता यायला हवं. त्यांच्या आपापसातल्या गप्पा तेव्हा कळणार नाहीत. ऐकण्यासाठी बातम्या लावू नका, ती पुस्तकाची भाषा आहे. कोइमतूर-ईरोडकडच्या दुकानदारांच्या आणि शेतकऱ्यांच्या मुलाखतींचे व्हिडिओ लावा, आणि पाच मिनिटांच्या तुकड्यात फक्त क्रियापदांची शेपटं ओळखा: एन की ओम, ईंगऽ की आंगऽ, लै की आदु. बाकीचे शब्द गेले तर जाऊ द्या.